नववा नमुना

जॅकेट परत करायला आलेल्या गृहस्थांचा आवाज चढला नव्हता, पण चेहऱ्यावर फसवलं गेल्याची भावना स्पष्ट होती. "मी तपकिरी घेतलं होतं. घरी जाऊन बघतो तर हे मरून." दुकानाच्या मालकीणबाईंनी कॉलरमागची चिठ्ठी उलटून दाखवली. तिच्यावर मरूनच छापलेलं होतं. गृहस्थ म्हणाले, "ते मीही वाचलं होतं. मला वाटलं, चिठ्ठीच चुकलीय."

हा संवाद मी कानाने ऐकला, कारण त्याच दिवशी मी त्या दुकानात दिव्यांचा प्रकाश मोजायला गेले होते. त्या महिन्यातली ही चौथी तक्रार. दुकानाचं नूतनीकरण होऊन नवे एलईडी दिवे लागले आणि तेव्हापासूनच हे सुरू झालं, असं बाईंचं म्हणणं. त्यांचा संशय दिव्यांवर होता, आणि दिवे देणाऱ्याने त्यांना खोक्यावरचा आकडा दाखवून गप्प केलं होतं : सीआरआय ८० पेक्षा जास्त. शंभरपैकी ८० म्हणजे वाईट कसं म्हणायचं? परीक्षेत एवढे मिळाले तर आपण पेढे वाटू.

मी ते जॅकेट हातात घेतलं. छताखाली खरंच तपकिरी, ओल्या मातीसारखं. दारापाशी नेलं, बाहेरच्या ढगाळ उजेडात धरलं, आणि ते माझ्या हातातच बदललं. गडद, भरीव मरून. ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते, चिठ्ठीही चुकली नव्हती, आणि खरं तर खोक्यावरचा आकडाही खोटा नव्हता. मी तो मोजून पाहिला. ८२ आला.

आता हे तिघंही खरे असतील तर गोम कुठे आहे? तर ती ८२ या आकड्याच्या आत आहे.

सीआरआय म्हणजे कलर रेंडरिंग इंडेक्स. दिव्यांचे रंगगुण मोजण्याची ही पद्धत सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९६५ मध्ये मांडली, १९७४ मध्ये सुधारली, आणि १९९५ च्या आवृत्तीत ती आज आपण वापरतो त्या रूपात आहे. पद्धत ऐकायला सोपी आहे. काही ठरावीक रंगांचे नमुने घ्यायचे. ते तुमच्या दिव्याखाली कसे दिसतील ते गणिताने काढायचं. मग तेच नमुने एका आदर्श प्रकाशाखाली कसे दिसतील तेही काढायचं. दोन्हींतला फरक जितका जास्त, तितके गुण कमी. प्रत्यक्षात कोणी नमुने दिव्याखाली धरत बसत नाही. दिव्याचा वर्णपट मोजला, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती आहे हे कळलं, की बाकी सगळं कागदावर होतं.

नमुने एकूण चौदा. पण खोक्यावर छापला जातो तो आकडा पहिल्या आठांचीच सरासरी असतो. इथे थांबून त्या आठांकडे नीट बघायला हवं, कारण माझ्या मते सगळी कथा तिथेच आहे. राखाडीकडे झुकलेला फिकट लाल. राखाडीकडे झुकलेला गडदसर पिवळा. पोपटीसारखा पिवळट हिरवा. थोडा पिवळसर हिरवा. फिकट निळसर हिरवा. फिकट निळा. फिकट जांभळा. फिकट गुलाबीसर जांभळा. एखादा अपवाद सोडला तर हे सगळे धुवून धुवून मऊ पडलेल्या कपड्यांचे रंग आहेत. रसरशीत म्हणावा असा लाल यात नाही, गडद निळा नाही. ते सगळे नवव्या क्रमांकापासून पुढे येतात : नववा ठसठशीत लाल, दहावा पिवळा, अकरावा हिरवा, बारावा निळा, तेरावा गोऱ्या त्वचेचा रंग, चौदावा पानाचा हिरवा. मोजले जातात, पण सरासरीत धरले जात नाहीत.

दुकानातल्या दिव्याखाली मी वर्णपट मोजणारा स्पेक्ट्रोमीटर धरला तेव्हा पहिल्या आठ नमुन्यांना अनुक्रमे ८२, ९०, ९५, ८१, ८१, ८६, ८४ आणि ६१ गुण मिळाले. बेरीज ६६०. आठाने भागा, साडेब्याऐंशी. सभ्य गुणपत्रिका. आणि पडद्यावर थोडं खाली सरकलं की नववा नमुना : ८.

शंभरपैकी आठ. जे जॅकेट परत आलं ते नेमकं या नवव्या नमुन्याच्या घराण्यातलं होतं.

गुण कसे कापले जातात हेही सांगते, म्हणजे आठ या आकड्याला वजन येईल. दोन प्रकाशांखाली दिसणाऱ्या रंगांतलं अंतर एका रंगनकाशावर मोजतात, त्याला ४.६ ने गुणतात आणि शंभरातून वजा करतात. हा ४.६ कुठून आला? तर त्या काळातल्या साध्या उबदार पांढऱ्या ट्यूबलाइटला सरासरी ५० च्या आसपास गुण पडावेत, असं ठरवून तो आकडा निवडला. म्हणजे मोजपट्टीच मुळात ट्यूबलाइटच्या जमान्यात, ट्यूबलाइटकडे बघून आखलेली आहे. पहिल्या नमुन्याला ८२ मिळाले, म्हणजे अंतर साधारण ३.९. नवव्याला ८ मिळाले, म्हणजे अंतर २०. पाचपट. अंतर आणखी वाढलं तर गुण शून्याच्या खाली जातात, ही या पद्धतीची गंमत आहे. वर शंभराची कमाल मर्यादा आहे, खाली तळ नाही. रस्त्यांवर पूर्वी दिसणारे ते गडद पिवळे, कमी दाबाचे सोडियम दिवे सरासरीतच उणे जातात, कारण त्यांचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो. त्यांच्याखाली रंग दिसतच नाहीत, नुसतं पिवळं आणि काळं.

(एक कबुली द्यायला हवी. ही पद्धत ज्या जुन्या रंगनकाशावर उभी आहे तो लाल भागात अंतरं फुगवून दाखवतो. त्यामुळे नवव्या नमुन्याचे गुण जरा काही झालं की धडाधड घसरतात. शून्य गुण म्हणजे लाल दिसतच नाही असं नव्हे. पण ८ आणि ६० यांच्यातला फरक डोळ्यांना कळतो, त्यासाठी यंत्र लागत नाही.)

मग लालच का मार खातो? याचं उत्तर पांढऱ्या एलईडीच्या पोटात आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत एक निळी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटरवर चमकणारी. तिच्यावर फॉस्फरचा पिवळा थर दिलेला असतो. काही निळा प्रकाश थरातून आरपार जातो, काही थर शोषून घेतो आणि पिवळसर रुंद प्रकाश म्हणून परत देतो. निळं अधिक पिवळं, आपल्या डोळ्यांना पांढरं. त्या पिवळ्या डोंगराचं शिखर ५५० च्या आसपास असतं आणि लाल बाजूचा उतार ६२० च्या पुढे झपाट्याने खाली येतो. निळा सुळका आणि पिवळा डोंगर यांच्यामध्ये, ४८० च्या सुमारास, एक दरीही असते.

आता मरून कापड काय करतं ते बघा. त्याच्यावर पडणारा निळा, हिरवा, पिवळा असा बहुतेक सगळा प्रकाश ते गिळून टाकतं. परत देतं ते ६०० च्या पुढचं, आणि खरी उदारता ६२० नंतर. नेमकं जिथून ते परत द्यायला सुरुवात करतं तिथून दिव्याचा पुरवठा आटत जातो. हाती उरतो तो थोडासा नारिंगीकडचा प्रकाश, तोही मंद. आणि मंद नारिंगीलाच आपण तपकिरी म्हणतो. तपकिरी हा वेगळा रंगच नाही. उजळ परिसरात दिसणारा काळोखा नारिंगी म्हणजे तपकिरी. त्या गृहस्थांच्या डोळ्यांनी दिव्याने दिलेला हिशेब बरोबर वाचला होता.

फिकट लाल असलेला पहिला नमुना मात्र सगळ्याच तरंगलांबी थोड्या थोड्या परत देतो, लाल जरा जास्त. त्याची लाल बाजू थोडी उपाशी राहिली तरी बाकीचे सांभाळून घेतात. म्हणून त्याला ८२ पडतात आणि सरासरी झाकली जाते.

बाईंनी साहजिकच विचारलं, "मग दिव्यात लाल घालत का नाहीत?"

घालता येतो. लाल प्रकाश देणारे फॉस्फर असतात, ते पिवळ्यात मिसळले की उतार पुढे सरकतो आणि नव्वदच्या वरचा दिवा तयार होतो. पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो. ६५० च्या लालला त्याची दाद त्याच्या एक दशांशापेक्षा जराशीच जास्त. दिव्याची ताकद ज्या लुमेनमध्ये मोजतात तो आकडा या दादेवरच उभा आहे. म्हणजे तेवढीच वीज खर्च करून तुम्ही हिरवट पिवळा प्रकाश बनवला तर लुमेन भरपूर, गडद लाल बनवला तर नगण्य. खोक्यावर वॅटमागे किती लुमेन हा आकडा मोठ्या अक्षरांत छापायचा असेल, तर सगळ्यात आधी कात्री लागते ती लालला. आणि सरासरीत नववा नमुना धरलेला नाही म्हटल्यावर ती कात्री कुणाला दिसतही नाही. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याचे गुण नाहीत त्याचा अभ्यास कोण करतो?

काही ठिकाणच्या नियमांनी हे ओळखलं. कॅलिफोर्नियाच्या इमारत-ऊर्जा नियमांत चांगल्या प्रतीच्या दिव्यासाठी सरासरी किमान ९० आणि नवव्या नमुन्याला किमान ५० अशी दुहेरी अट आहे. युरोपीय संघाचा नियम सर्वसाधारण दिव्यांना ८० वर सोडून देतो, नवव्यासाठी किमान गुणांची अट घालत नाही. बहुतेक कारखाने मग ८० वर थांबतात.

खोक्यावर आणखी एक शब्द होता ज्याने गोंधळात भर घातली : "डे लाइट". बाईंची समजूत अशी की डे लाइट म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे रंग. तसं नाही. तो शब्द दिव्याच्या पांढरेपणाची छटा सांगतो, केल्विनमधलं रंगतापमान, साधारण ६५००. दिव्याकडे पाहिलं की तो दिवसासारखा निळसर पांढरा दिसतो, एवढंच. तो पांढरा कशाकशाच्या मिश्रणातून बनलाय याची हमी त्यात नाही. एका निळ्या आणि एका पिवळ्या रेषेच्या बेरजेतूनही हुबेहूब तसाच पांढरा बनवता येतो, आणि त्याच्याखाली लाल कापड जवळजवळ काळं दिसेल.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे. सीआरआय १०० म्हणजे रंग अगदी खरे, असं लोक धरून चालतात. पण खरे म्हणजे कशासारखे? पद्धत तुमच्या दिव्याची तुलना नेहमी त्याच रंगतापमानाच्या आदर्शाशी करते. ५००० केल्विनच्या खाली तो आदर्श म्हणजे तापून लाल-पिवळी झालेली काल्पनिक वस्तू, वर असेल तर दिवसाचा प्रकाश. जुना तारेचा बल्ब या तापलेल्या वस्तूच्या इतका जवळचा असतो की त्याला जवळपास पूर्ण गुण मिळतात. मेणबत्तीलाही मिळतील. आणि मेणबत्तीच्या उजेडात नेव्ही ब्लू पायमोजा आणि काळा पायमोजा वेगळा काढून बघा! तिच्या प्रकाशात निळंच इतकं थोडं असतं की गडद निळ्या कापडाला परत द्यायला काही मिळत नाही. गुण शंभर, तरी निळा काळ्यात बुडालेला. म्हणून दोन दिव्यांच्या सीआरआयची तुलना करायची तर दोघांचं रंगतापमान जवळजवळ सारखं हवं, नाहीतर वेगवेगळ्या वर्गांतल्या मुलांचे गुण शेजारी मांडल्यासारखं होतं.

तर त्या दुकानात आम्ही काय केलं. एकदम सगळे दिवे बदलायला मी नकार दिला. मरून, तपकिरी आणि गडद गुलाबी कपडे टांगलेल्या एका भिंतीसमोरचे सहा दिवे काढले आणि तिथे त्याच वॅटचे, त्याच ४००० केल्विनचे, पण सरासरी ९३ आणि नवव्याला ६२ गुण असलेले दिवे लावले. हो, दुकानातले मूळ दिवे ४००० चे होते. ते "डे लाइट"चं खोकं वरच्या मजल्याचं निघालं, एवढ्या गोंधळानंतर ते कळलं. उजेड मोजला. आधी कपड्यांवर ६४० लक्स होता, आता ५५० भरला. सातवा हिस्सा गेला. लालचा कर म्हणतात तो हाच.

मग बाईंना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तिथे उभं केलं, पण लगेच बघू दिलं नाही. दोन-तीन मिनिटं थांबायला लावलं. डोळा नव्या पांढऱ्याला सरावायला वेळ घेतो, आणि दाराच्या उजेडातून थेट आत येऊन दिलेला निर्णय बहुतेक वेळा चुकतो. त्याच कारणाने दोन प्रकारचे दिवे एकाच कपड्यावर पडू देऊ नयेत. दोघांच्या मधोमध उभं राहून काहीच कळत नाही. थांबून झाल्यावर त्यातली धाकटी सहकारी आधी भिंतीकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. म्हणाली, "माझे हात इतके दिवस आजारी होते वाटतं." त्वचेतल्या रक्ताचा रंगही त्याच लाल पट्ट्यावर जगतो. यंत्र जवळ नसेल तर मीही हेच करते : तळहात उघडून दिव्याखाली धरते. तो मेणचट, किंचित हिरवट दिसला तर नववा नमुना नापास आहे असं धरून चालायला हरकत नाही. पिशवीत एक गडद लाल कापडाचा तुकडाही असतो, आणि एक जुनी सीडी. सीडीच्या पाठीत दिव्याचं प्रतिबिंब तिरकं धरलं की इंद्रधनुष्य उलगडतं. ट्यूबलाइटचं असेल तर सुट्या सुट्या पट्ट्या दिसतात, स्वस्त एलईडीचं असेल तर निळा ठिपका, मग अंधारी फट, मग हिरवं-पिवळं आणि पुढे लवकर संपणारा लाल. फोनचा कॅमेरा मात्र या कामाला वापरू नये. तो पांढऱ्याचा समतोल स्वतःच साधतो, रंग स्वतःच खुलवतो, आणि आपण दिव्याऐवजी फोन बनवणाऱ्याची आवडनिवड बघत बसतो.

भिंतीवर एकोणीस जॅकेटं होती. जुन्या दिव्यांखाली तिघांनीही त्यांतली अकरा तपकिरी म्हणून मोजली होती. नव्या दिव्यांखाली तपकिरी सात उरली आणि चार मरून झाली. चिठ्ठ्यांशी ताडून पाहिलं, चारही बरोबर.

मला वाटलं काम झालं. पण दिवे बदलल्यावर दुसरीच एक जुनी भानगड उघडी पडली, आणि ती मला जास्त रोचक वाटते. एक राखाडी कोट आणि त्याच्यासोबत विकली जाणारी राखाडी पँट जुन्या दिव्यांखाली एकाच ताग्यातून कापल्यासारखी जुळायची. नव्या दिव्यांखाली पँटवर हलकीशी तांबूस झाक दिसू लागली. विक्रेत्यांना वाटलं, दिवा बिघडवतोय. दारात नेलं तर तांबूसपणा आणखीच ठळक.

रंगाच्या धंद्यात याला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन कापडं एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, कारण त्यांचा राखाडी वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून तयार केलेला असतो. पुष्कळ रंगद्रव्यं दृश्य पट्ट्यात बऱ्यापैकी सपाट वागतात आणि गडद लालच्या टोकाला, ६५०-६८० च्या पुढे, अचानक प्रकाश परत द्यायला लागतात. त्या टोकाला दिव्याकडे देण्यासारखं काही नसेल तर ही खोड दिसतच नाही. म्हणजे जुना दिवा मरूनची बदनामी करत होता आणि त्याच वेळी पँटची चूक पोटात घालत होता. कापड रंगवणारे म्हणूनच नमुने एका राखाडी रंगाच्या पेटीत ठेवून तीन-चार वेगळ्या प्रकाशांत तपासतात : कृत्रिम दिवस, तारेचा बल्ब, आणि दुकानांत पूर्वी सर्रास असलेली तीन अरुंद पट्ट्यांची ट्यूब. एकात जुळलं म्हणून कोणी पास करत नाही. दिव्याचा सीआरआय चांगला असेल तर असं फुटण्याची शक्यता दुकानातच लक्षात येते, पण ९३ चा दिवा म्हणजे जोडी सगळीकडे जुळेल असा दाखला नव्हे. घरी दिवा वेगळा, ऑफिसात वेगळा.

तिसरी गोष्ट आणखी पुढची. पांढरे शर्ट. नव्या दिव्यांनी सगळं सुधारलं, पांढरे शर्ट मात्र खिडकीपाशी जसे दिसायचे तसे आत दिसेनात. आत जरा पिवळट, थकलेले. इथे सीआरआय पूर्ण निरुपयोगी आहे, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. पांढऱ्या कपड्यांत आणि साबणाच्या पावडरीत एक चमक देणारं द्रव्य असतं. ते डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश आणि जांभळ्याची कड शोषतं आणि निळा म्हणून परत देतं. पांढऱ्याहून पांढरा दिसतो तो त्यामुळे. दिवसाच्या प्रकाशात अतिनील असतो. ४५० च्या निळ्या चिपवर चालणाऱ्या एलईडीत ४२० च्या खाली जवळजवळ काहीच नसतं. द्रव्य उपाशी, शर्ट साधा कापसाच्या रंगाचा. आणि सीआरआयचे चौदाही नमुने असले काही खेळ न करणारे रंग आहेत, त्यामुळे ९३ असो की ९८, शर्टाबद्दल आकडा मौन पाळतो. यावर उपाय म्हणून निळ्याऐवजी जांभळ्या चिपवर चालणारे एलईडी मिळतात. त्यांचा पांढरा खरोखर उठून दिसतो. बाईंना ते सांगितलं, पण त्यांनी शर्टांचं रॅकच उचलून खिडकीपाशी नेलं. माझ्या सल्ल्यापेक्षा ते बरं होतं.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या प्रकाश अभियंत्यांच्या संस्थेने टीएम-३० नावाची नवी पद्धत काढली. आठाऐवजी ९९ नमुने, नवा रंगनकाशा, आणि एकाऐवजी दोन मुख्य आकडे : रंग किती इमानदार, आणि रंग किती भडक की फिके. दोन वर्षांनी सीआयईने त्यातल्या इमानदारीच्या आकड्याची थोडी सुधारलेली आवृत्ती स्वीकारली. दुसरा आकडा का लागला ते दुकानदाराला चटकन कळेल. सीआरआय फरक मोजतो, फरकाची दिशा मोजत नाही. लाल फिका पडला तरी गुण जातात, लाल आदर्शापेक्षा जास्त खुलला तरी तेवढेच जातात. आणि माणसांना जरा जास्त खुललेला लाल आवडतो, हे वारंवार दिसलेलं आहे. मांसाच्या काउंटरवर गुलाबीसर दिवे लावतात ते यासाठीच. तेव्हा कमी सीआरआयचा दिवा दोन उलट कारणांनी कमी असू शकतो, आणि खोक्यावरून ते ओळखता येत नाही.

मला स्वतःला खुलवणारे दिवे कपड्यांच्या दुकानात आवडत नाहीत. तपकिरी वाटलेलं मरून निघालं तर माणूस चिडतो. रसरशीत वाटलेला लाल घरी जाऊन विटका निघाला तर तो परत येत नाही, आणि न परतणारा माणूस तक्रारवहीत दिसत नाही. बाईंना हे पटलं नाही. त्यांनी दर्शनी खिडकीत एक तसला दिवा लावलाच आहे. दुकान त्यांचं आहे.

बाकीच्या भिंतींवरचे दिवे पुढच्या महिन्याभरात बदलले. पुरवठादाराला आता बाई सरासरी विचारत नाहीत, "नववा किती?" एवढंच विचारतात, आणि समोरून उत्तर यायला जो वेळ लागतो त्यावरून माणूस ओळखतात. काढलेले जुने दिवे चांगले चालू होते, टाकवेनात, म्हणून ते मागच्या गोदामात लावले. नवा माल तिथेच उघडतात आणि रंगवार रचतात. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा तपकिरी जॅकेटांच्या फळीवरून धाकटी सहकारी तीन मरून बाहेर काढत होती.